शाळा समाजाची, हक्क कोणाचा?

१९३३ साली अल्बानियाने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि देशातल्या सगळ्या खासगी शाळा बंद केल्या. शिक्षण देणे हे फक्त सरकारचे काम, प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे आणि मोफत, ते मिळणार सरकारी शाळांतच, असा तो सरळ नियम होता. दक्षिण अल्बानियातल्या ग्रीक भाषक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या शाळाही त्यात बंद झाल्या. त्यांनी राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. अल्बानिया मुस्लिमबहुल देश आहे, हे इथेच सांगून ठेवतो. अल्पसंख्याकांच्या हक्कांची गोष्ट आपण बहुतेक वेळा स्वतः अल्पसंख्य असलेल्या जागेवरून ऐकतो. या गोष्टीत खुर्च्या बदललेल्या आहेत, आणि तशा त्या बदलून पाहिल्या की तत्त्व अधिक स्वच्छ दिसते.

अल्बानियाने १९२१ मध्ये राष्ट्रसंघापुढे जाहीर लेखी हमी दिली होती. वंश, भाषा किंवा धर्म यांनी अल्पसंख्य असलेल्या नागरिकांना इतरांसारखीच वागणूक मिळेल, ‘कायद्यात आणि प्रत्यक्षातही’, आणि स्वतःच्या खर्चाने शाळा व संस्था चालवण्याचा, तिथे आपली भाषा वापरण्याचा समान हक्क असेल, असे तिच्यात म्हटले होते. आता अल्बानियाचे म्हणणे असे की आम्ही कुठे भेदभाव केला? बहुसंख्याकांच्या खासगी शाळाही बंदच केल्या. हक्क ‘समान’ द्यायचा होता. कोणालाच नाही म्हणजे समानच झाले.

हा युक्तिवाद ऐकायला निरुत्तर करणारा आहे आणि तो आजही वेगवेगळ्या वेशांत भेटतो. हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ६ एप्रिल १९३५ रोजी, आठ विरुद्ध तीन मतांनी, तो नाकारला. बहुसंख्याकांचे मूल सरकारी शाळेत गेले तर तिथे त्याला आपलीच भाषा, आपलेच सण, आपलाच इतिहास भेटतो. खासगी शाळा बंद झाल्याने त्याचे फारसे काही जात नाही, कारण त्याची गरज सरकार भागवतेच. अल्पसंख्याकांच्या मुलाचे मात्र जे जाते ते दुसरीकडून भरून येत नाही. म्हणून सर्वांना एकच कुलूप लावणे ही कागदावरची समानता झाली. प्रत्यक्षातली समानता साधायला कधी कधी वेगळी वागणूक द्यावी लागते. ज्या तीन न्यायाधीशांनी वेगळे मत दिले, त्यांनी शब्द शब्दाला धरून वाचले होते: समान हक्क म्हणजे इतरांना आहे तेवढाच, इतरांना नसेल तर यांनाही नाही.

या निकालाचा उल्लेख अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांचे समर्थन करताना नेहमी होतो, आणि व्हायलाच हवा. पण उल्लेख करणारे त्यातले दोन शब्द बहुधा गाळतात. ते शब्द म्हणजे ‘स्वतःच्या खर्चाने’. न्यायालयाने अल्बानियाला ग्रीक शाळांचा खर्च उचला असे सांगितले नाही. शाळा बंद करू नका, एवढेच सांगितले. दार उघडे ठेवण्याची जबाबदारी सरकारची. आत दिवा लावण्याची नव्हे. पुढच्या नव्वद वर्षांतले बरेचसे वाद या दोन गोष्टींमधल्या अंतरात घडले आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने राष्ट्रसंघाची ही सगळी व्यवस्था मोडून टाकली. तशी ती आधीपासूनच लंगडी होती. अल्पसंख्याकांबाबतच्या हमी पोलंड, रुमानिया, अल्बानिया अशा ठरावीक देशांकडून घेतल्या होत्या; ब्रिटन आणि फ्रान्स यांनी स्वतःवर तसे कोणतेही बंधन घातले नव्हते. शिवाय १९३८ मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मन अल्पसंख्याकांचे कैवारी म्हणवून घेत त्या देशाचा लचका तोडला. युद्धानंतर एकत्र आलेल्या देशांना अल्पसंख्याकांचे हक्क म्हटले की शेजाऱ्याची घुसखोरी आठवत होती. परिणाम असा की १९४८ च्या जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात अल्पसंख्याकांसाठी एकही कलम नाही. आमसभेने एका वेगळ्या ठरावात फक्त एवढे म्हटले की संयुक्त राष्ट्रांना अल्पसंख्याकांबाबत उदासीन राहता येणार नाही, पण सर्व देशांना लागू पडेल असा एकच तोडगा काढणे अवघड आहे.

जे कलम अखेर आले ते १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात. हा करार १९७६ पासून अमलात आला आणि भारत १९७९ मध्ये त्यात सामील झाला. त्यातले कलम २७ मराठीत साधारण असे होईल: ज्या राज्यांत वांशिक, धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक आहेत, तिथे अशा अल्पसंख्याकांपैकी असलेल्या व्यक्तींना, आपल्या समूहातील इतरांसमवेत, आपली संस्कृती उपभोगण्याचा, आपला धर्म मानण्याचा व आचरण्याचा किंवा आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारला जाणार नाही.

हे वाक्य घाईने वाचले तर त्यात सगळे काही मिळाल्यासारखे वाटते. सावकाश वाचले की त्याच्या मर्यादा दिसतात, आणि त्या मसुदा लिहिणाऱ्यांनी समजून-उमजून घातलेल्या आहेत. हक्क ‘अल्पसंख्याकांना’ नाही, ‘अल्पसंख्याकांपैकी असलेल्या व्यक्तींना’ आहे. समूह या वाक्यात येतो तो ‘समवेत’ या शब्दातून. भाषा एकट्याने बोलता येत नाही, जमातीने नमाज एकट्याने पढता येत नाही, म्हणून सोबतीची गरज मान्य केलेली आहे. पण हक्काचा मालक ती व्यक्तीच. तिसरी गोष्ट क्रियापदाची. सरकार हक्क ‘देईल’, ‘सोय करील’ असे म्हटलेले नाही. ‘नाकारला जाणार नाही’ असे म्हटले आहे. कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीने १९९४ मध्ये स्पष्ट केले की कधी कधी सरकारला काही पावले पुढे होऊन उचलावी लागतील. तरीही तेवढ्यावरून कोणत्याही समाजाला सरकारी खर्चाने स्वतःच्या भाषेतली शाळा मागण्याचा हक्क निर्माण होत नाही.

हक्क व्यक्तीचा आहे, या म्हणण्याला वजन किती, याची कसोटी एका बाईच्या तक्रारीने लागली. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात टोबिक नावाची आदिवासींची राखीव वसाहत आहे. सँड्रा लवलेस तिथल्या मालिसीट जमातीत जन्मल्या आणि वाढल्या. १९७० मध्ये त्यांनी जमातीबाहेरच्या पुरुषाशी लग्न केले. कॅनडाच्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’प्रमाणे त्या क्षणी त्यांचे आदिवासी असणे कायद्याने संपले. जमातीतल्या पुरुषाने बाहेरच्या बाईशी लग्न केले असते तर त्याचे काहीच गेले नसते, उलट त्याची बायको कायद्याने आदिवासी झाली असती. लवलेस यांचे लग्न मोडले. त्यांना टोबिकला परतायचे होते, पण कायद्याने तिथे राहण्याचा हक्क आता त्यांना नव्हता.

त्यांनी १९७७ मध्ये समितीकडे तक्रार केली. कॅनडा सरकारचा बचाव आपल्या ओळखीचा वाटेल. हा नियम आदिवासी समाजाच्या रक्षणासाठी आहे. बाहेरचे पुरुष लग्न करून आले तर जमिनी जातील. वंश पुरुषाकडून मोजण्याची त्यांची परंपराच आहे. आणि नियम बदलावा की नाही यावर खुद्द आदिवासी समाजातच एकमत नाही. म्हणजे समाज एकमुखाने मागेल तेव्हा बघू. हीच वाक्ये आपण मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांच्या चर्चेत किती वेळा ऐकली आहेत, ते वेगळे सांगायला नको.

समितीने ३० जुलै १९८१ रोजी मत दिले. समूहाचे रक्षण करण्यासाठी कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ठरवणारा कायदा असू शकतो, हे तिने नाकारले नाही. पण असे बंधन वाजवी आणि कारणासहित पटणारे असले पाहिजे. लवलेस जमातीत वाढल्या होत्या, लग्नाची काही वर्षे सोडली तर तिथून कधी तुटल्या नव्हत्या. त्यांची भाषा आणि संस्कृती ज्या माणसांसमवेत जगता येते ती माणसे टोबिकखेरीज दुसरीकडे कुठेही नव्हती. त्यांना तिथे राहू न देणे जमातीच्या टिकण्यासाठी आवश्यक आहे, असे दिसत नव्हते. म्हणून कलम २७ चा भंग झाला. अल्पसंख्याकांसाठी लिहिलेले कलम अल्पसंख्य समूहाच्या नावाने केलेल्या नियमाविरुद्ध, त्याच समूहातल्या एका बाईच्या बाजूने चालले. कॅनडाने १९८५ मध्ये कायदा बदलला. लवलेस पुढे कॅनडाच्या सिनेटच्या सदस्य झाल्या.

प्रत्येक वेळी व्यक्तीच जिंकते असे मात्र नाही. स्वीडनमधल्या इव्हान किटोक या सामी माणसाला रेनडियर पाळण्याचा जमातीचा हक्क परत मिळाला नाही. चरायच्या जागा मर्यादित आहेत आणि पाळणाऱ्यांची संख्या आवरली नाही तर धंदाच बुडेल, हे कारण १९८८ मध्ये समितीला पटले. दोन्ही निकाल एकत्र ठेवले की नियम हाती येतो: समूह टिकण्यासाठी एखादे बंधन खरोखर लागते हे दाखवून द्यावे लागते. परंपरा आहे, एवढे सांगून भागत नाही.

आता पैशाकडे. कॅनडातल्याच ओंटारिओ प्रांतात कॅथलिक शाळांचा पूर्ण खर्च सरकार करते. १८६७ मध्ये देश घडताना झालेल्या तडजोडीतून हे आले. तेव्हा तिथले कॅथलिक अल्पसंख्य होते आणि त्यांना संरक्षण हवे होते. बाकीच्या धर्मांच्या शाळांना हा लाभ नाही. वॉल्डमन नावाच्या ज्यू वडिलांनी मुलांना ज्यू शाळेत घातले, स्वतः फी भरली आणि समितीकडे तक्रार केली. १९९९ मध्ये ते जिंकले. पण कशावर जिंकले हे पाहण्यासारखे आहे. अल्पसंख्याकांच्या कलम २७ ने त्यांना तारले नाही. तारले ते सर्वांसाठी असलेल्या समानतेच्या कलम २६ ने. समितीचे म्हणणे असे: धार्मिक शाळांना पैसे द्यायलाच हवेत असे सरकारवर बंधन नाही. पण एका धर्माच्या शाळांना द्यायचे ठरवले तर दुसऱ्यांना नाकारण्यासाठी वाजवी कारण पाहिजे, आणि ‘घटनेत तसे लिहिले आहे’ हे वाजवी कारण नव्हे.

इथे अल्बानियाचा प्रश्न उलट्या बाजूने परत येतो. ओंटारिओने उद्या ज्यू, मुस्लिम, हिंदू शाळांना अनुदान सुरू केले तर भेदभाव संपेल. कॅथलिक शाळांचे अनुदान बंद केले तरीही भेदभाव संपेल. अनुदानाच्या बाबतीत ‘कोणालाच नाही’ हे उत्तर चालते. शाळा असू देण्याच्या बाबतीत ते चालत नाही. अनुदान हा हक्क समजून चालणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. ओंटारिओने, दोन्हीपैकी काहीच केले नाही आणि समितीकडे ते करवून घेण्याची ताकद नव्हती. तिची मते म्हणजे न्यायालयाचे हुकूमनामे नव्हेत.

शाळांविषयी सर्वांत नेमके बोलणारा मजकूर मात्र वेगळ्याच करारात आहे, आणि त्याची आपल्याकडे क्वचितच चर्चा होते. युनेस्कोने १९६० मध्ये शिक्षणातील भेदभावाविरुद्ध करार केला. त्याच्या कलम ५ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याकांपैकी असलेल्यांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क मान्य केला आहे. आपल्या भाषेतून किंवा आपल्या भाषेचे शिक्षण देण्याचाही, पण तो त्या त्या देशाच्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे. मग ‘परंतु’ येते. हा हक्क अशा रीतीने वापरता येणार नाही की त्या मुलांना एकूण समाजाची भाषा आणि संस्कृती समजणे व त्याच्या व्यवहारात भाग घेणे अशक्य व्हावे, किंवा देशाच्या सार्वभौमत्वाला बाध यावा. शिक्षणाचा दर्जा सर्वसाधारण दर्जापेक्षा कमी असता कामा नये. आणि त्या शाळेत जाणे ऐच्छिक असले पाहिजे.

या अटी महाराष्ट्रातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांसमोर ठेवून पाहा. पहिली अट म्हणजे मराठी. राज्याने शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी तिला आव्हान दिले होते. उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते फेटाळले. आपली भाषा जपण्याच्या हक्कात, जिथे राहायचे तिथली भाषा न शिकण्याचा हक्क येत नाही, असे त्याचे तात्पर्य. आम्हाला हा निकाल योग्य वाटतो, आणि तो केवळ राज्याच्या सोयीचा नाही. ज्या मुलाला दहावीपर्यंत मराठी नीट लिहिता आली नाही, त्याला पुढे तलाठ्याच्या परीक्षेत, पोलीस भरतीत, कोर्टातल्या कारकुनीत कोणी धर्म विचारून बाहेर काढावे लागत नाही. पेपरच काढतो. मराठी तासाला शिक्षकच नसणे, किंवा नावापुरता असणे, हा त्या मुलावरचा अन्याय आहे. तो सरकारी शाळेत होतो तेव्हा जाब सरकारला विचारायचा आणि समाजाच्या संस्थेत होतो तेव्हा संस्थेला.

ऐच्छिक असण्याची अट वाचकांपैकी अनेकांच्या घरातली आहे. कोकणातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक मुस्लिम घरांत बोली मराठी किंवा कोकणी आहे. इतर अनेक घरांत दखनी. या महाराष्ट्रात मराठीभाषक मुसलमान धर्माने अल्पसंख्य आणि भाषेने बहुसंख्य आहे. तरी शाळेच्या दाखल्यावर किंवा जनगणनेच्या वेळी नाव ऐकून कोणीतरी ‘मातृभाषा उर्दू’ असे लिहून टाकते. कधी सरकारी माणूस, कधी आपल्यातलाच. मुलाची भाषा ठरवायची कोणी?

हा प्रश्न १९२८ मध्ये हेगच्या त्याच न्यायालयापुढे आला होता. अप्पर सिलेसियाच्या पोलंडकडे गेलेल्या भागात जर्मन अल्पसंख्याकांच्या शाळा होत्या. काही पालकांची मुले ‘खरी’ जर्मन भाषक नाहीत असे म्हणून पोलंडच्या अधिकाऱ्यांनी पालकांच्या निवेदनांची तपासणी केली. न्यायालयाने म्हटले की मुलाची भाषा ही वस्तुस्थितीची बाब आहे, पालकांनी ती खरीच सांगितली पाहिजे. पण एकदा सांगितल्यावर अधिकाऱ्यांना ती तपासण्याचा, तिच्यावर वाद घालण्याचा किंवा दबाव आणण्याचा अधिकार नाही. त्या न्यायालयाला थांबवायचे होते ते सरकारला. समाजाच्या दबावाचे काय, याचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या अल्पसंख्याकांविषयीच्या जाहीरनाम्यात अर्ध्या ओळीत आहे. त्यातले हक्क वापरल्यामुळे किंवा न वापरल्यामुळे कोणाही व्यक्तीचे नुकसान होता कामा नये. या ‘न वापरल्यामुळे’ शब्दांत, मुलीला मराठी शाळेत घालणारे मुस्लिम आई-वडील बसतात, आणि उर्दूतून शिकवणारेही तेवढेच सुरक्षित राहतात. दखनी बोलणाऱ्या मुलासाठी मात्र पुस्तकी उर्दू हीदेखील शिकावी लागणारी भाषा आहे, हे मातृभाषेतल्या शिक्षणावर बोलताना कोणी फारसे लक्षात घेत नाही.

दर्जाची अट सर्वांत अवघड, आणि इथे आपली राज्यघटना आंतरराष्ट्रीय करारांपासून वेगळी वाट धरते. अनुच्छेद ३० (१) म्हणतो, ‘सर्व अल्पसंख्याकांना’, मग ते धर्माने असोत वा भाषेने, आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. ‘व्यक्तींना’ नाही, अल्पसंख्याकांना. कलम २७ च्या मसुदाकारांनी जो शब्द टाळला तो आपल्या घटनाकारांनी १९४९ मध्येच, फाळणीच्या जखमा ताज्या असताना, वापरला. हक्क व्यवहारात ट्रस्ट आणि संस्था वापरतात. पुढे अनुच्छेद ३० (२) मध्ये, अनुदान देताना अल्पसंख्याकांची संस्था म्हणून भेदभाव करू नये, असेही आहे. वॉल्डमन यांना जे पन्नास वर्षांनंतर झगडून मिळाले ते इथे आधीच लिहिलेले होते. ‘स्वतःच्या खर्चाने’च्या पुढचे हे पाऊल आहे.

समूहाला दिलेल्या हक्काची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने लवकरच सांगितली. केरळ शिक्षण विधेयकावरच्या १९५८ च्या मतात न्यायालयाने म्हटले की कारभार चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. शिक्षकांची पात्रता, इमारत, स्वच्छता, अभ्यासक्रम यांबाबत वाजवी नियम घालता येतात. अर्धशतक हा तोल कसाबसा टिकला. मग २००९ मध्ये मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला. त्यात किती मुलांमागे किती शिक्षक, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, ग्रंथालय, शिक्षकांची किमान पात्रता, वंचित घरांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा हे सगळे मुलाच्या हक्काच्या रूपाने मांडलेले होते. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. आणि २०१४ मध्ये प्रमती ट्रस्टच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले की हा कायदा अल्पसंख्याकांच्या अनुदानित वा विनाअनुदानित, कोणत्याच शाळेला लागू होत नाही. लागू केला तर अनुच्छेद ३० चा भंग होईल.

या निकालाचा अर्थ अल्पसंख्याक शाळांना कोणताच नियम नाही असा नव्हे. राज्याचे शाळाविषयक नियम त्यांना आहेतच, आणि अनेक संस्था कायद्याच्या अपेक्षेपेक्षा चांगल्या शाळा चालवतात. पण एक गोष्ट घडली. अल्पसंख्य समाजाच्या शाळेत बसलेल्या मुलाला, शेजारच्या शाळेतल्या मुलाकडे असलेला एक संसदेने दिलेला कायदा राहिला नाही. २५ टक्क्यांची सक्ती संस्थेची घडण बदलू शकते, म्हणून तिच्यातून सूट समजण्यासारखी आहे. पात्र शिक्षक आणि मुलींचे स्वच्छतागृह यांनी कोणत्या शाळेचे अल्पसंख्य स्वरूप बिघडते, हे मात्र आम्हाला कळलेले नाही. किटोकच्या प्रकरणात विचारला तोच प्रश्न इथे विचारावा: ही सूट नसेल तर समूहाचे नेमके काय नष्ट होणार आहे? पहिल्या बाबतीत काही उत्तर देता येते. दुसऱ्या बाबतीत नाही.

सूट मागताना प्रत्येक वेळी दोन वेगळी माणसे डोळ्यांसमोर आणावी लागतात. एक, शाळा बंद पाडायला टपलेला अधिकारी; त्याच्यासाठी अनुच्छेद ३० ची भिंत हवीच, आणि आजच्या दिवसांत ती कोणी सोडून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. दुसरी, चौथीतली मुलगी, जिच्या वर्गाला पात्र शिक्षक नाही. तीच भिंत तिच्या आणि तिच्या हक्काच्या मध्ये उभी राहते. बालहक्कांच्या १९८९ च्या करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, कलम २७ चेच शब्द पुन्हा आले आहेत. तिथे हक्काचा मालक अल्पसंख्य समाजातले ‘मूल’ आहे. ट्रस्ट नाही, समाजही नाही.

हे करार हातात घेऊन थेट जिनिव्हाला जाता येईल, अशी समजूत काही तरुण मित्रांची असते. लवलेस आणि वॉल्डमन यांना तक्रार करता आली, कारण त्यांच्या देशाने कराराचा ऐच्छिक जोडकरार स्वीकारला होता. भारताने तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे भारतीय नागरिकाला त्या समितीपुढे वैयक्तिक तक्रार नेता येत नाही. आपल्याला दोन वाटा उरतात. सरकारच्या अहवालाची समिती जेव्हा छाननी करते, जशी तिने भारताच्या अहवालाची जुलै २०२४ मध्ये केली, तेव्हा नागरी संघटना आपली लेखी माहिती तिला पाठवू शकतात. दुसरी वाट आपल्याच न्यायालयांची. मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना आपल्या कायद्याशी विसंगत नसलेल्या आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेता येतो, हे विशाखा खटल्याने १९९७ मध्ये दाखवून दिले आहे.

ही दुसरी वाट सध्या आपल्या अगदी जवळून जाते. शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी अल्पसंख्याक संस्थांतल्या शिक्षकांना बंधनकारक आहे का, हा वाद महाराष्ट्रातल्या एका मुस्लिम शैक्षणिक ट्रस्टच्या प्रकरणातूनही सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती निकालाच्या बरोबरपणावर शंका व्यक्त केली आणि हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा म्हणून तो सरन्यायाधीशांपुढे ठेवला. अशा सुनावणीत संस्थांचे वकील असतात, सरकारचे असतात. उर्दू शाळेत शिकून बाहेर पडलेल्या, किंवा आपली मुले तिथे घातलेल्या माणसांनी स्वतःचे म्हणणे अर्ज करून मांडायला मनाई नाही. तुमच्या शाळेत मराठी, गणित आणि विज्ञान कोण शिकवत होते, त्यांची पात्रता काय होती, आणि शिक्षक नव्हता तेव्हा तक्रार कोणाकडे करता आली, एवढे तारीखवार लिहून काढले तरी त्या अर्जाची पहिली दोन पाने तयार होतात.